टॉलरन्स कितीही कमी केला तरी एस आकाराचा कर्व्ह सरळ रेघच का राहतो?

लक्षण असं असतं. क्युबिक बेझिए कर्व्हचे छोटे सरळ तुकडे करून तो काढला की बाकी सगळे कर्व्ह नीट येतात आणि एखादाच सपाट होऊन बसतो. जिथे एसच्या आकाराचं वळण हवं, तिथे सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक सरळ रेघ. टॉलरन्स ०.२५ होता तो ०.०१ केला, तरी तसंच. झूम करून पाहिलं, तरी तसंच. पण एक कंट्रोल पॉइंट थोडासा बाजूला ओढला की कर्व्ह लगेच जागेवर येतो, म्हणून वाटतं की फाइलमध्येच काहीतरी खोट असेल.

फाइलमध्ये खोट नसते. टॉलरन्स बदलूनही आउटपुट जराही बदलत नसेल, तर 'हा तुकडा पुरेसा सपाट झाला का' हे तपासणारी चाचणीच चुकीची आहे, हे तिथेच ओळखावं. हा दोष मी एकाच प्रोग्रॅममध्ये तीनदा दुरुस्त केला, कारण पहिल्या दोन वेळा मी समोर आलेला कर्व्ह दुरुस्त करत होतो, चाचणी नाही. म्हणून तिन्ही टप्पे सांगतो. तुम्ही यातल्या कुठल्यातरी एका टप्प्यावर असाल.

तुकडे करण्याची नेहमीची पद्धत सोपी आहे. कर्व्ह त्याच्या जीवेला, म्हणजे सुरुवात आणि शेवट जोडणाऱ्या रेषेला, पुरेसा चिकटून असेल तर जीवाच काढायची. नसेल तर द कास्तेल्जोच्या पद्धतीने मधोमध दोन भाग करायचे आणि प्रत्येक भागाला पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. भाग करणं कधी चुकत नाही, ती फक्त मध्यबिंदूंची बेरीज-भागाकार आहे. चुकतं ते 'पुरेसा चिकटून' ठरवताना.

पहिला टप्पा: मध्यबिंदूवर भरवसा

सगळ्यात आधी सुचणारी चाचणी म्हणजे कर्व्हचा मधला बिंदू, t = 0.5 चा, जीवेपासून किती लांब आहे ते मोजणं. हा कर्व्ह घ्या:

```
P0 = (0, 0)   P1 = (40, 120)   P2 = (80, -120)   P3 = (120, 0)
```

यात x समान वेगाने वाढतो आणि y आधी वर जाऊन मग खाली येतो. मधला बिंदू बरोबर (६०, ०) वर पडतो, जीवेवरच. अंतर शून्य. शून्य हे कुठल्याही टॉलरन्सपेक्षा कमीच, म्हणून एकही भाग न करता सरळ रेघ. प्रत्यक्षात हा कर्व्ह t = 0.211 जवळ जीवेपासून ३४.६४ युनिट वर असतो आणि पलीकडे तेवढाच खाली. टॉलरन्स पाव युनिटाचा आणि चूक चौतीस युनिटांची.

हा योगायोग वाटतो, पण तसा नाही. P1 जीवेपासून d1 अंतरावर आणि P2 d2 अंतरावर असेल (एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण), तर कर्व्हचं जीवेपासूनचं अंतर असं येतं:

```
d(t) = 3 t (1-t) [ (1-t) d1 + t d2 ]
d(0.5) = (3/8) (d1 + d2)
```

म्हणजे मध्यबिंदू आपल्याला दोन अंतरांची फक्त बेरीज सांगतो. ती विरुद्ध चिन्हांची असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि ती तंतोतंत सारखीच असायला हवीत असंही नाही. d1 = 120 आणि d2 = -119.5 असलं तरी मध्यबिंदूचं अंतर ०.१८७५ येतं, म्हणजे ०.२५ च्या टॉलरन्समध्ये आरामात पास. हाताने काढलेल्या चित्रात असे कर्व्ह सहसा भेटत नाहीत, पण लोगो, अक्षरं आणि प्रोग्रॅमने तयार केलेल्या जोडरेषांमध्ये सममिती मुद्दाम ठेवलेली असते. तिथे हा दोष हमखास गाठतो.

दुसरा टप्पा: 'एकदा तरी तोडाच'

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पहिली पातळी न तपासताच तोडायची. वरच्या एसचे दोन भाग झाले की प्रत्येक भाग एकाच बाजूला वळणारी कमान होते, आणि कमानीला मध्यबिंदूची चाचणी चालते. मीही हेच केलं. स्क्रीनवरचा एस नीट दिसला, म्हणून विषय मिटला असं समजलो.

पुढचा कर्व्ह पाहा:

```
P0 = (0, 0)   P1 = (80, 240)   P2 = (160, -960)   P3 = (240, 2160)
```

हा मधोमध तोडा. P0-P1 चा मध्य (४०, १२०), P1-P2 चा मध्य (१२०, -३६०), त्या दोघांचा मध्य (८०, -१२०), आणि कर्व्हचा मधला बिंदू (१२०, ०). डावा भाग म्हणून जे चार पॉइंट हाती आले, ते अक्षरशः वरच्या एसचेच आहेत. पहिल्या पातळीवर सक्तीने तोडलं खरं, पण दुसऱ्या पातळीवर तोच फसवा आकार समोर उभा राहिला आणि चाचणीने तो पुन्हा सरळ केला. या वेळी कर्व्हचा उजवा भाग नीट येतो आणि डाव्या टोकाला तेवढी सरळ रेघ दिसते, त्यामुळे दोष ओळखायला आणखी वेळ लागतो.

दोन पातळ्या सक्तीने तोडल्या तर? असाच कर्व्ह आणखी एकदा दुपटीने लांबवता येतो. सक्तीच्या पातळ्या वाढवत नेल्या तर प्रत्येक साध्या कर्व्हचेही विनाकारण चार, आठ, सोळा तुकडे होतात, आणि खात्री मात्र कधीच मिळत नाही.

तिसरा टप्पा: कंट्रोल पॉइंटचं जीवेपासूनचं अंतर

मग माणूस शहाणा होतो आणि कर्व्हवरचा एक बिंदू तपासण्याऐवजी d1 आणि d2 दोन्ही वेगवेगळे तपासतो. वरच्या सूत्राकडे पाहिलं तर हे बरोबर आहे. d1 आणि d2 दोन्ही टॉलरन्सच्या आत असतील तर संपूर्ण कर्व्ह टॉलरन्सच्या आत असतो, कारण 3t(1-t) कधीच ३/४ च्या वर जात नाही. एसचा प्रश्न इथे खरोखर सुटतो. पण अंतर 'जीवेपासून' मोजतोय असं म्हणताना आपण ते जीवा ज्या अमर्याद रेषेवर आहे तिच्यापासून मोजत असतो. फरक इथे दिसतो:

```
P0 = (0, 0)   P1 = (200, 0)   P2 = (200, 0)   P3 = (100, 0)
```

चारही पॉइंट एका रेषेवर, d1 आणि d2 शून्य, म्हणून चाचणी म्हणते सपाट. पण हा कर्व्ह १०० च्या पुढे जातो, १६५.७ पर्यंत पोचतो आणि मागे फिरून १०० वर थांबतो. आपण काढलेली रेघ १०० वरच संपते, ६५.७ युनिट गायब. आकारात रंग भरायचा असेल तर काही बिघडत नाही, कारण एकाच रेषेवर पुढे जाऊन मागे आल्याने क्षेत्रफळ बदलत नाही. म्हणूनच हा दोष कितीतरी दिवस लपून राहतो. रेघ जाडीने काढायची असेल किंवा पेन अथवा कटर फिरवायचा असेल, त्या दिवशी तो उघडा पडतो.

दुसरी खोड बंद फासाची. P0 आणि P3 एकच असतील तर जीवेची लांबी शून्य, आणि अंतर काढताना त्या लांबीनेच भागायचं असतं. सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये ० भागिले ० म्हणजे NaN. NaN शी केलेली 'मोठं आहे का' ही तुलना नेहमी खोटी ठरते. कोड `if (dist > tol) split();` असा लिहिला असेल तर तो तोडतच नाही, आणि अख्खा फास एका बिंदूत नाहीसा होतो. एरर नाही, क्रॅश नाही, फक्त चित्रातला एक फास कमी.

टिकणारी चाचणी

दोन्ही खोडी एकाच बदलाने जातात. कर्व्ह 'रेषेपासून' किती लांब हे विचारायचं नाही. एकाच t ला कर्व्हवरचा बिंदू आणि जीवेवरचा बिंदू यांच्यात किती अंतर आहे, ते विचारायचं. जीवेवर आपण समान वेगाने चालतोय असं धरलं, तर तो फरक असा येतो:

```
u = 3*P1 - 2*P0 - P3
v = 3*P2 - P0 - 2*P3
B(t) - C(t) = t (1-t) [ (1-t) u + t v ]
```

इथे u आणि v सदिश आहेत. t(1-t) जास्तीत जास्त १/४ होतो आणि कंस u आणि v यांच्या मधेच कुठेतरी असतो, म्हणून फरक कधीही त्यांतल्या मोठ्याच्या चौथाईपेक्षा जास्त होत नाही. वर्गमूळ टाळण्यासाठी दोन्ही बाजूंचा वर्ग केला की १६ येतो. भागाकार कुठेच नाही, त्यामुळे शून्य लांबीच्या जीवेची भीती नाही. आणि हे बंधन तुकड्याच्या प्रत्येक बिंदूला लागू आहे, निवडलेल्या एखाद्या बिंदूला नाही. मला जे दोनदा कळलं नव्हतं ते हेच.

```python
def is_flat(p0, p1, p2, p3, tol):
    ux = 3*p1[0] - 2*p0[0] - p3[0]
    uy = 3*p1[1] - 2*p0[1] - p3[1]
    vx = 3*p2[0] - p0[0] - 2*p3[0]
    vy = 3*p2[1] - p0[1] - 2*p3[1]
    return (max(ux*ux, vx*vx) + max(uy*uy, vy*vy)
            <= 16*tol*tol)

def mid(a, b):
    return ((a[0]+b[0])/2, (a[1]+b[1])/2)

def flatten(p0, p1, p2, p3, tol, out, depth=16):
    if depth == 0 or is_flat(p0, p1, p2, p3, tol):
        out.append(p3)
        return
    a, b, c = mid(p0, p1), mid(p1, p2), mid(p2, p3)
    d, e = mid(a, b), mid(b, c)
    m = mid(d, e)
    flatten(p0, a, d, m, tol, out, depth-1)
    flatten(m, e, c, p3, tol, out, depth-1)
```

`out` मध्ये P0 आधीच टाकून मग हाक मारायची.

वरच्या एसवर हे हाताने चालवून पाहू. u = (0, 360), v = (0, -360). बेरीज १,२९,६००. टॉलरन्स ०.२५ असेल तर उजवी बाजू बरोबर १. सपाट नाही, तोडा. प्रत्येक पातळीला तुकड्याची लांबी निम्मी होते आणि u, v साधारण चौथाई होतात. शेवटी दोन्ही टोकांना, जिथे y चा वेग सगळ्यात झपाट्याने बदलतो, तिथे तुकडे १/६४ लांबीचे होतात. पुढे १/३२ चे, आणि मधल्या जवळजवळ सरळ भागात १/१६ चे. एकूण ३० तुकडे. तुमच्या कोडने या कर्व्हला ०.२५ वर ३० तुकडे दिले तर चाचणी जशी हवी तशी लिहिली गेली आहे.

रिकर्शन नको असेल तर तुकड्यांची संख्या आधीच काढता येते. याला वँगचं सूत्र म्हणतात:

```
L = max( |P0 - 2*P1 + P2| , |P1 - 2*P2 + P3| )
n = ceil( sqrt( 0.75 * L / tol ) )
```

आपल्या एससाठी L = 360, म्हणून n = 33. मग t चे ३३ समान भाग करायचे आणि प्रत्येक ठिकाणी कर्व्हचा बिंदू काढायचा. ३० च्या जागी ३३, म्हणजे इथे फारसं नुकसान नाही. कर्व्हचं एक टोक तीव्र वळणाचं आणि उरलेला भाग लांब, शांत असेल तेव्हा मात्र समान भागांची पद्धत शांत भागावरही तितकेच तुकडे उधळते. ग्राफिक्स कार्डवर काढायचं असेल तर मी तरीही वँगचं सूत्रच घेईन, कारण आकडा आधी कळतो आणि मेमरी आधी राखून ठेवता येते.

या दोन्ही पद्धती गरजेपेक्षा थोड्या कडक आहेत, हेही माहीत असावं. ३३ समान तुकड्यांवर या एसचं खरं लंबांतर मोजलं तर ते सुमारे ०.१५ निघतं, ०.२५ नाही. जिथे कर्व्ह जीवेच्या दिशेनेच मागे-पुढे सरकतो, तिथला फरकही चाचणी मोजते, जरी तो डोळ्याला दिसत नाही. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे चित्रकलेच्या प्रोग्रॅमने सरळ रेघ क्युबिक म्हणून साठवलेली असते तेव्हा: P0 = P1 = (0, 0) आणि P2 = P3 = (120, 0). शुद्ध सरळ रेघ, पण वरचा कोड तिचे १८ तुकडे करतो. म्हणून रिकर्शनमध्ये शिरण्याआधी P1 P0 वरच आणि P2 P3 वरच आहे का एवढं तपासून थेट एक रेघ काढावी. इतर बाबतीत ही जादा कडकाई मी खुशाल सोसतो.

खोलीच्या मर्यादेबद्दलही सांगायला हवं. ० ते १०,००० मधल्या कोऑर्डिनेटना ०.२५ टॉलरन्सवर वँगचं सूत्र फार तर २९२ तुकडे सांगतं, म्हणजे नऊ पातळ्या. १६ ही मर्यादा भरपूर झाली. तिचा खरा उपयोग खराब आकडा आत आला तर होतो. कोऑर्डिनेटमध्येच NaN असेल तर `<=` ची तुलना खोटी ठरते आणि कोड शेवटच्या पातळीपर्यंत तोडत राहतो: एका कर्व्हचे ६५,५३६ तुकडे. एखादी फाइल उघडताना प्रोग्रॅम अडकून बसला आणि मेमरी फुगली, तर आधी हे पाहा. कोऑर्डिनेट वाचतानाच आकडा खरा आणि मर्यादित आहे का ते तपासणं हा त्यावरचा उपाय.

चाचणी बरोबर, तरी कोपरे दिसतात

सरळ रेघ होणं थांबलं, पण कर्व्ह कंगोरेदार दिसतो, अशी तक्रार यानंतर येते. हा वेगळा आजार आहे. इथे टॉलरन्स कमी केल्यावर कंगोरे कमी होतात, त्यामुळे ओळखायला सोपा.

बहुतेक वेळा टॉलरन्स चुकीच्या मापात दिलेला असतो. कर्व्हचे तुकडे चित्राच्या स्वतःच्या मापात केले आणि नंतर ते १६ पट मोठे करून दाखवले, तर ०.२५ ची चूक स्क्रीनवर ४ पिक्सेलची होते. आधी चारही कंट्रोल पॉइंट स्क्रीनच्या मापात आणावेत, मग तुकडे करावेत. फिरवणं, सरकवणं, तिरकं करणं, दोन दिशांना वेगवेगळं ताणणं, यातलं काहीही असलं तरी कंट्रोल पॉइंट बदलून काढलेला कर्व्ह बरोबर तोच येतो. फक्त पर्स्पेक्टिव्हला हे लागू नाही. खर्चही वाटतो तितका वाढत नाही. सूत्रात वर्गमूळ आहे, त्यामुळे १६ पट झूमला तुकडे चौपटच होतात: ३३ चे १३२.

दुसरं कारण जाड रेघ. मधली रेषा टॉलरन्सच्या आत असली तरी रेघेची बाहेरची कड त्याच कोनांनी, पण मोठ्या त्रिज्येवर फिरते. २ युनिट त्रिज्येच्या वळणावर ०.२५ ची सूट दिली तर एक तुकडा जवळजवळ ५८ अंशांचा होतो. रेघेची जाडी ४० असेल तर बाहेरची कड २२ त्रिज्येवर, आणि तिथे तीच सूट ११ पट होऊन २.७५ युनिट होते. स्पष्ट कोपरे दिसतात, आणि मधली रेषा कितीही तपासली तरी चूक सापडत नाही. अशा वेळी दोन लागोपाठच्या तुकड्यांमधल्या कोनावर वेगळी मर्यादा घालावी, किंवा आधी जाड रेघेच्या कडा काढून त्यांचे तुकडे करावेत. टॉलरन्स सरसकट कमी करून हे झाकता येतं, पण मग बारीक रेघांनाही विनाकारण ढीगभर तुकडे मिळतात.

दुरुस्ती पक्की झाली का, हे मी असं पाहतो. प्रत्येक तुकड्याच्या t च्या पट्ट्यात कर्व्हवरचे ६४ बिंदू काढतो आणि त्यांचं त्या तुकड्यापासूनचं अंतर मोजतो. तुकडा धरलेल्या अमर्याद रेषेपासून नाही, नाहीतर तिसऱ्या टप्प्यातली चूक तपासणीतही तशीच शिरते. सगळ्यात मोठं अंतर टॉलरन्सच्या वर गेलं तर टेस्ट नापास. कर्व्ह हे पाच:

```
(0,0) (40,120)  (80,-120)  (120,0)
(0,0) (80,240)  (160,-960) (240,2160)
(0,0) (200,0)   (200,0)    (100,0)
(0,0) (120,120) (-120,120) (0,0)
(5,5) (5,5)     (5,5)      (5,5)
```

चौथा फास आहे. त्याचा सगळ्यात वरचा बिंदू y = 90 वर असायला हवा. पाचव्याने एकच शून्य लांबीचा तुकडा द्यावा आणि तिथेच थांबावं. हे पाच ०.२५ आणि ०.०१ दोन्हींवर चालवतो. ०.०१ वर पहिल्या चारांची तुकड्यांची संख्या वाढली नाही, तर चाचणीत अजून कुठेतरी एकाच बिंदूवर भरवसा ठेवलेला आहे.